ऐकायच्या स्क्रिप्टमध्ये आकडे कुठले ठेवायचे, किती राउंड करायचे, कुठे टाकायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी ऑडिओसाठी स्क्रिप्ट लिहिते आणि दुसऱ्यांच्या तपासते. सगळ्यात जास्त लाल पेन कुठे चालतो तर आकड्यांवर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. उदाहरण शक्यतो एकच घेते, पृथ्वीवरच्या पाण्याबद्दलची तीन मिनिटांची स्क्रिप्ट, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी बघता येईल.

हातात असलेला माल असा: पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. एकूण पाणी १३८ कोटी ६० लाख घन किलोमीटर. त्यातलं ९६.५ टक्के महासागरांत. गोडं पाणी २.५ टक्के. ह्या गोड्या पाण्यातलं ६८.७ टक्के हिमनद्या आणि बर्फाच्या थरांत, ३०.१ टक्के जमिनीखाली, बाकी १.२ टक्के इतर ठिकाणी. आणि सगळ्या नद्यांमध्ये मिळून २,१२० घन किलोमीटर, म्हणजे एकूण पाण्याच्या ०.०००२ टक्के. हे अंदाज रशियन जलशास्त्रज्ञ इगोर शिक्लोमानोव्ह ह्यांच्या १९९३ च्या कामातले आहेत आणि अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातंही हेच वापरतं.

वाचायला हे ठीक आहे. पण कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, तिसऱ्या आकड्यानंतर समोरच्याची नजर दुसरीकडे गेलेली दिसेल.

प्रश्न: एवढ्या आकड्यांतले ठेवायचे कुठले हे ठरवायचं कसं?

आधी आकडे बाजूला ठेवा आणि एक वाक्य लिहा, ऐकणाऱ्याने हे ऐकून झाल्यावर घरात कुणाला तरी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं ते. ह्या स्क्रिप्टचं माझं वाक्य होतं, "पाणी प्रचंड आहे, पण नदीत वाहतंय ते त्यातलं अगदीच थेंबभर." आता एकेक आकडा घ्या आणि त्यावर बोट ठेवून झाका. आकडा झाकल्यावरही ते वाक्य तसंच उभं राहत असेल तर तो आकडा जातो.

७१ टक्के झाकला. "पृथ्वीचा बराचसा भाग पाण्याखाली आहे" एवढं म्हटलं तरी काम होतं, तो गेला. १३८ कोटी ६० लाख घन किलोमीटर, हा तर मला स्वतःलाच डोळ्यासमोर आणता येत नाही, एक घन किलोमीटर म्हणजे किती हेच आधी समजावत बसावं लागेल, तोही गेला. (नवीन लिहिणाऱ्यांना हाच सोडवत नाही कारण तो सगळ्यात भारी दिसतो.) ९६.५ आणि २.५ ह्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, दोन्ही सांगायची गरज नाही. अशा वेळी मी लहान आणि बोलायला सोपी बाजू घेते, "अडीच" हा शब्द कानाला किती हलका आहे बघा आणि "शहाण्णव पूर्णांक पाच" किती जड.

भूजलाच्या ३०.१ वर मात्र मी बराच वेळ अडले होते. आपलं वाक्य नद्यांबद्दल आहे, त्यामुळे तो काढावासा वाटतो, पण पूर्ण काढला तर ऐकणारा समजेल की बर्फ सोडून बाकी सगळं गोडं पाणी नद्यांमध्येच आहे, आणि ते साफ चूक. म्हणून माहिती ठेवली आणि आकडा काढला: "उरलेलं जवळजवळ सगळं जमिनीखाली." आकडा काढला म्हणजे ती गोष्टच काढायला हवी असं नाही, ती शब्दात राहू शकते, हे एकदा लक्षात आलं की काटछाट करताना जीवावर येत नाही.

शेवटी राहिले तीन: गोडं पाणी किती, त्यात बर्फ किती, नद्यांत किती.

प्रश्न: तीन मिनिटांत तीनच? फार कमी नाही का वाटत?

लिहिताना कमी वाटतात, ऐकताना पुरतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान ह्यांनी २००१ मध्ये मांडलं होतं की माणूस एका वेळी डोक्यात साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो. आता आकडा नुसता आकडा म्हणून धरता येत नाही, तो कशाचा आहे हेही सोबत धरावं लागतं, म्हणजे एका आकड्याला दोन जागा गेल्या. वाचणारा मान वर करून मागची ओळ परत बघू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही, आणि तो बहुतेक वेळा काहीतरी काम करता करता ऐकत असतो.

माझा स्वतःचा हिशोब साधारण मिनिटाला एक आकडा. हा काही नियम नाही, पण दोनाच्या वर गेले की मी थांबून विचारते की ह्यातला कोण कमी महत्त्वाचा. आणि हो, साल, वय, तारीख, "पाच कारणं", "तिसरा टप्पा" हे सगळे कानाला आकडेच असतात. लोक टक्के मोजतात आणि सालं मोजायची विसरतात, मग एका वाक्यात १९९३ आणि ९६.५ आणि २.५ असं सगळं येतं आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं ते साल, ज्याचा त्याला काहीच उपयोग नाही.

प्रश्न: टक्के सांगू की "शंभरातले इतके" सांगू की काहीतरी तुलना करू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहिते. पाण्याच्या मालात खरी अडचण आकडे मोठे आहेत ही नाहीये, अडचण ही आहे की टक्के मध्येच पाया बदलतात. २.५ टक्के हे एकूण पाण्याचे. ६८.७ टक्के हे त्या अडीच टक्क्यांचे. आणि नद्यांचे ०.०००२ परत एकूणचे. कागदावर हे कळतं. कानाला तीन टक्के ऐकू येतात आणि ऐकणारा ते एकाच रांगेत उभे करतो, मग त्याला वाटतं की जगातलं ६८ टक्के पाणी बर्फ आहे. मला हे प्रत्यक्षात ऐकायला मिळालंय, हुशार माणसाकडून.

उपाय म्हणजे एकच भांडं घ्यायचं आणि शेवटपर्यंत त्याच भांड्यातून काढत राहायचं. मी शंभर लिटरचा ड्रम घेतला. शंभर ह्यासाठी की टक्के आपोआप लिटर होतात, २.५ टक्के म्हणजे अडीच लिटर, काही हिशोब नाही. त्यातलं बर्फ ६८.७ टक्के म्हणजे साधारण पावणेदोन लिटरच्या जरा आत, पण हे लिटरमध्ये न सांगता "तीन भागांतले दोन" म्हटलं की नवा आकडा डोक्यात धरावा लागत नाही.

आता नद्या. इथे मी स्वतः चुकले होते ते सांगते, कारण ही चूक फार जण करतात. मी ०.०००२ टक्के हा आकडा उचलला, शंभर लिटर म्हणजे एक लाख मिलिलिटर, त्याचे ०.०००२ टक्के म्हणजे ०.२ मिलिलिटर, एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरतात, म्हणजे चार थेंब. स्क्रिप्टमध्ये "चार थेंब" लिहून मोकळी झाले. मग तपासताना मूळ आकड्यांवरून केलं: २,१२० भागिले १३८ कोटी ६० लाख. उत्तर येतं ०.०००१५३ टक्के. म्हणजे ०.१५ मिलिलिटर, म्हणजे तीन थेंब. झालं असं की ०.०००२ हा आधीच कुणीतरी राउंड केलेला आकडा होता आणि मी त्यावर परत हिशोब केला. चारच्या जागी तीन, पाव भागाचा फरक. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते, सगळा हिशोब मूळ आकड्यांवर करायचा आणि राउंड अगदी शेवटी, एकदाच.

पहिला मसुदा असा होता:

"पृथ्वीवरील एकूण १३८.६ कोटी घन किलोमीटर पाण्यापैकी ९६.५ टक्के पाणी महासागरांमध्ये असून केवळ २.५ टक्के असलेल्या गोड्या पाण्याच्या ६८.७ टक्के पाणी हिमनद्यांमध्ये आहे, तर नद्यांमध्ये केवळ ०.०००२ टक्के पाणी आहे."

आणि रेकॉर्ड झाली ती अशी:

"समजा, पृथ्वीवरचं सगळं पाणी शंभर लिटरच्या एका ड्रममध्ये भरलंय. सगळं म्हणजे समुद्र, बर्फ, तळी, नद्या, जमिनीखालचं, सगळं. आता त्यातलं खारं पाणी काढून टाकू. ड्रममध्ये उरलं, अडीच लिटर. एवढंच गोडं पाणी. आणि हे अडीच लिटरसुद्धा हाताला लागत नाही. त्याच्या तीन भागांतले दोन भाग गोठलेले आहेत, बर्फ. उरलेलं जवळजवळ सगळं जमिनीखाली. मग नद्या? जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या, तर ह्या ड्रममधलं त्यांच्या वाट्याला येतं, तीन थेंब पाणी."

लांबी जास्त झाली, हे खरंय, जवळपास दुप्पट. बोलण्यात आकड्याला जागा लागतेच. म्हणून तर कमी ठेवायचे.

प्रश्न: राउंड नेमकं किती करायचं?

ऐकणाऱ्याला त्या आकड्यावरून काय कळायला हवंय तेवढंच बारीक ठेवायचं. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे, "सेकंदाला तीन लाख किलोमीटर" म्हटलं तर चूक हजारात एकाहूनही कमी होते, गोष्ट सांगायला हे भरपूर आहे. बहुतेक वेळा पहिले एक किंवा दोन अंक पुरतात, बाकीचे अंक फक्त जीभ अडखळवतात.

पण तोच आकडा विषय बदलला की वेगळा राउंड होतो. एव्हरेस्टची उंची घ्या. गिर्यारोहकाच्या दमछाकीची गोष्ट सांगत असाल तर "जवळजवळ नऊ किलोमीटर" चालेल. पण २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून नवी उंची जाहीर केली ती ८,८४८.८६ मीटर आणि आधीची प्रचलित उंची ८,८४८ होती, ही बातमी सांगायची असेल तर सगळी बातमीच त्या ८६ सेंटिमीटरमध्ये आहे, तिथे राउंड केलं तर सांगायला काही उरतच नाही.

प्रश्न: मग राउंड करणं म्हणजे थोडं खोटं बोलणं नाही का?

केव्हा खोटं होतं ते सांगता येतं: राउंड केल्यामुळे निकाल बदलला किंवा एखादी रेषा ओलांडली गेली तर. ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतात युरोपियन युनियन सोडायच्या बाजूने ५१.९ टक्के आणि राहायच्या बाजूने ४८.१ टक्के मतं पडली. "शंभरात बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस" चांगलं राउंडिंग आहे. "निम्मे निम्मे" म्हटलं तर कोण जिंकलं तेच पुसलं. तसंच पॅरिस हवामान करारातलं तापमानवाढीचं दीड अंश आणि दोन अंश, ह्या दोघांतल्या फरकावरच तर सगळा वाद आहे, तिथे दीडचं दोन कसं करणार. औषधाचा डोस, मृतांची संख्या, कायद्यातली वयाची अट, ह्यांना मी हात लावत नाही, आहे तसंच बोलते.

बाकी ठिकाणी प्रामाणिक राहायला मराठीत छोटे छोटे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे हे विसरू नका. "जवळजवळ" म्हटलं की ऐकणारा समजतो खरा आकडा थोडा कमी आहे. "हून जास्त" म्हणजे वर. "सुमारे", "साधारण" म्हणजे इकडे किंवा तिकडे. ६८.७ ला "जवळजवळ तीन भागांतले दोन" म्हणणं चूक, कारण ते दोन तृतीयांशाच्या वर आहे. आणि दोन्ही बाजूंना राउंड करता येत असेल तर मी माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध बाजूला करते. इथे मुद्दा आहे की मिळणारं पाणी कमी आहे, तर बर्फ थोडा कमी सांगितला, म्हणजे कुणी म्हणू नये की परिणामासाठी फुगवलं. फक्त प्रत्येक आकड्याला "सुमारे" लावू नका, ते फार कंटाळवाणं होतं, सुरुवातीला एकदा "हे सगळे अंदाज आहेत" म्हटलं की पुढे मोकळेपणाने बोलता येतं.

एक बारीक गोष्ट. राउंड केलेले तुकडे ऐकणारा बेरीज करून बघतो, विशेषतः शंभर म्हटल्यावर. "सत्त्याण्णव टक्के समुद्रात, अडीच टक्के गोडं" म्हटलं की साडेनव्याण्णव होतात, मग उरलेलं अर्धं कुठे गेलं? खरं तर जमिनीखाली आणि काही तळ्यांत खारं पाणी आहे, जवळपास एक टक्का, शिवाय ९६.५ चे आपण ९७ केले. म्हणून "समुद्रातलं" न म्हणता "खारं पाणी काढून टाकू" असं लिहिलं, प्रश्नच येत नाही.

प्रश्न: वाक्यात आकडा कुठे यायला हवा?

आधी कशाबद्दल बोलतोय ते, मग आकडा, मग थांबा, मग त्याचा अर्थ. आकडा वाक्याच्या सुरुवातीला आला तर कान तयार नसतो आणि तो निसटतो. "अडीच टक्के इतकंच पाणी पृथ्वीवर गोडं आहे" ह्यात "अडीच" ऐकू येईपर्यंत विषयच माहीत नाही. "ड्रममध्ये उरलं, अडीच लिटर" ह्यात कान आधीच वाट बघत असतो.

मराठीत अजून एक सापळा आहे, आपण चा-ची-चे ची साखळी लावत जातो. "एकूण पाण्याच्या अडीच टक्के असलेल्या गोड्या पाण्याच्या..." असं सुरू झालं की क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याने सगळं हवेत धरून ठेवायचं. एका वाक्यात दोनदा "च्या" आणि एक आकडा दिसला की वाक्य तोडा, तिथेच.

एका वाक्यात एकच आकडा. दोन आकडे एकत्र फक्त तेव्हाच जेव्हा ते एकमेकांशी भिडवायचे आहेत, बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस सारखे. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेवटी ठेवा, आमच्या स्क्रिप्टमध्ये "तीन थेंब" नंतर दोन सेकंद काहीच नाही, म्युझिकसुद्धा नाही.

प्रश्न: स्क्रिप्टमध्ये अंकात लिहू की अक्षरात?

वाचणारा जे बोलणार आहे तेच लिहा. "२.५" लिहिलंत तर एक जण "दोन पॉइंट पाच" म्हणेल, दुसरा "दोन दशांश पाच", तिसरा "अडीच". तुम्हाला अडीच हवंय तर "अडीच" लिहा.

मराठी आकड्यांचे उच्चार एकमेकांत फार मिसळतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, वाचणाऱ्याचा क्षणभर गोंधळ झाला तरी दहाने फरक. "सात", "आठ", "साठ" तर मागे थोडा आवाज असला की सारखेच वाटतात. एकदा माझ्या स्क्रिप्टमध्ये ६९ अंकात होतं आणि वाचणाऱ्याने सहज "एकोणऐंशी" म्हटलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही, रेकॉर्डिंग गेलं तसंच. त्यामुळे जिथे जमेल तिथे एकोणसत्तरचं "सत्तरच्या आसपास" करते.

सव्वा, दीड, अडीच, साडे हे आपल्या भाषेचं वैभव आहे, बिनधास्त वापरा, एका शब्दात अपूर्णांक मिळतो. "पावणे" बद्दल जरा सांभाळून. पावणेदोन सगळ्यांना कळतं, पण पावणेदोनशे म्हणजे १७५ हे सगळ्यांना लगेच कळतंच असं नाही, काहींना ते १९९ च्या आसपास वाटतं. तिथे "एकशे पंचाहत्तर" बरं.

प्रश्न: "दहा टक्क्यांवरून बारा टक्के" झालं तर वाढ किती म्हणायची?

दोन टक्के म्हणाल तर अर्धे लोक चुकीचं समजतील, वीस टक्के म्हणाल तर उरलेले अर्धे. दोन्ही टाळा: "आधी शंभरात दहा जण होते, आता बारा आहेत." विषय संपला.

प्रश्न: सोर्स सांगायचा का? कुठे?

सांगायचा, आणि आकड्याच्या आधी. नंतर सांगितला की आकडा डोक्यात बसायच्या आत खात्याचं लांबलचक नाव येऊन त्याला ढकलून देतं. साल आवश्यक नसेल तर बोलू नका.

प्रश्न: विषयातले तज्ज्ञ म्हणतात दशांश काढू नका, काय करू?

त्यांचं म्हणणं चूक नाही, ते वाचणाऱ्याचा विचार करतायत. मी त्यांना दोन गोष्टी दाखवते. एक, पूर्ण आकडे एपिसोडच्या लिखित माहितीत जसेच्या तसे जातील. दुसरी, मूळ आकडा, बोललेला आकडा आणि दोघांतला फरक असा छोटा तक्ता. फरक डोळ्यासमोर आला की बहुतेक जण तयार होतात, आणि कधी कधी ते नेमकं दाखवतात की इथे फरक खरंच महत्त्वाचा आहे, मग तो दशांश परत येतो. आमच्या "चार थेंब" ची चूक अशा तक्त्यातच पकडली गेली.

प्रश्न: जमलंय की नाही हे कसं कळेल?

विषय माहीत नसलेल्या एका माणसाला ऐकवा, तो भांडी घासत असेल, कपडे घडी करत असेल तर उत्तमच. पाच मिनिटं दुसरं काहीतरी बोला. मग "आकडे आठवतात का" असं न विचारता "काय होतं त्यात?" एवढंच विचारा. आकडा बरोबर आला तर ठीक. आकडा आला पण चुकीच्या गोष्टीला चिकटून आला, जसं "६८ टक्के पाणी बर्फ आहे", तर पाया हरवलाय, तिथे वाक्य परत लिहायचं. आकडा आलाच नाही पण अर्थ बरोबर आला तर तो आकडा काढता येतो का बघा. आमच्याकडे ज्यांना ऐकवलं त्यांच्यातल्या एकीला अडीच लिटर आठवलं नाही, बर्फाचे दोन भागही नाही. "तीन थेंब" मात्र तिने बोटांची चिमूट करून दाखवले.